पाच शिट्ट्या होऊनही कच्ची राहणारी डाळ: नाशिकच्या एका स्वयंपाकघरातील प्रकरण

माझी थोरली मावसबहीण, म्हणजे आमची ताई, दादरचे घर सोडून कुटुंबासह नाशिकला इंदिरानगर भागात राहायला आली. त्यानंतर पंधरवड्यातच तिने माझ्याकडे तक्रार केली. कुकर तोच होता, डाळीचा वाण तोच होता, दादरला तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ अगदी गाळ शिजत असे. नाशिकला मात्र पाच शिट्ट्या करूनही वरण मिळून येत नव्हते, वाटीत पाणी वर आणि डाळ खाली अशी फारकत राहत होती. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक होते, आणि प्रश्न खरोखर चांगला असल्यामुळे मी तीन रविवार त्यासाठी दिले.

मी जाण्यापूर्वीच घरात दोन निदाने झालेली होती. भावजींचे म्हणणे असे की, नाशिक उंचावर असल्यामुळे इथे पाणी लवकर उकळते आणि म्हणून डाळ शिजत नाही. ताईच्या सासूबाई मूळच्या नाशिकच्याच, त्यांनी इमारतीच्या बोअरवेलकडे बोट दाखवून सांगितले, "पाणी जड आहे, त्यात डाळ शिजायचीच नाही." दोन्ही म्हणण्यांना भौतिक आधार आहे, त्यामुळे कोणतेही मत झटकून न टाकता प्रत्येकाचा वाटा किती हे मोजणे आवश्यक होते.

न शिजलेल्या डाळीत नेमके काय उरलेले होते?

पहिल्या दिवशी मी त्या वरणातील दाणे ताटलीत काढून बोटांनी दाबून पाहिले. दाणा चांगला फुगलेला होता, रंगाने एकसारखा पिवळा होता, पांढरट पिठूळ असा भाग कुठेही नव्हता. परंतु दाबल्यावर तो मेणासारखा सपाट न होता मध्ये बारीक कणी हाताला लागत होती आणि दाण्याचे दोन-तीन तुकडे होत होते. या लक्षणावरून बरेच कळते. डाळीतील पिष्ट सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगते आणि त्याचा कच्चेपणा जातो, म्हणजे त्यासाठी कुकर लागतच नाही. दाणा फुटून वरण एकजीव व्हायचे, तर दाण्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या व्हाव्या लागतात. या पेशींना जोडून ठेवणारा गिलावा प्रामुख्याने पेक्टिन नावाच्या पदार्थाचा असतो, आणि गरम पाण्यात तो हळूहळू तुटून विरघळला की पेशी सुटतात. ताईच्या डाळीत पिष्टाचे काम झालेले होते, गिलावा मात्र पुरेसा सुटलेला नव्हता.

पेक्टिन तुटण्याचा वेग तापमानावर फार अवलंबून असतो. अशा रासायनिक क्रियांसाठी आम्ही एक ढोबळ नियम वापरतो: दर १० अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो. उघड्या पातेल्यात नाशिकला पाणी ९८ अंशांना उकळते आणि त्याखाली कितीही मोठा जाळ केला तरी त्याचे तापमान त्यापुढे सरकत नाही, कारण दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मोठ्या आचेने पाणी लवकर आटते, डाळ लवकर शिजत नाही. सासूबाई चुलीवर डाळीला पाऊण तास लागत असे म्हणतात, ते या हिशोबात बसते. याच डाळीला ९८ ऐवजी ११९ अंशांचे पाणी मिळाले, तर २१ अंशांच्या फरकामुळे वेग चौपटीपेक्षा थोडा अधिक होईल आणि पाऊण तासाचे काम १० ते ११ मिनिटांत उरकेल. कुकरची सारी करामत या २१ अंशांत आहे. दाबाने डाळ चेपली जाते म्हणून ती शिजते, ही समजूत चुकीची आहे. दाण्याच्या आत आणि बाहेर दाब सारखाच असतो, त्यामुळे दाण्याला तो जाणवतही नाही. दाब करतो ते एवढेच की, पाण्याला ९८ अंशांवर उकळू देत नाही.

पाणी केव्हा उकळते? त्याच्या स्वतःच्या वाफेचा दाब बाहेरून पडणाऱ्या दाबाइतका झाला की ते उकळते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलो असतो आणि पाण्याच्या वाफेचा दाब १०० अंशांना तेवढा होतो. कुकरच्या झाकणावरील शिटी म्हणजे एका बारीक छिद्रावर ठेवलेले वजन. छिद्राचा व्यास ३.२ मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ०.०८ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ८० ग्रॅमची शिटी ठेवली की, आतील दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोने अधिक झाल्याशिवाय ती उचलली जात नाही. आपल्याकडील घरगुती कुकर साधारणपणे याच दाबासाठी बनवलेले असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे बंद भांडे मांडले, त्यावरील सुरक्षा झडपही वजनाच्या याच तत्त्वावर चालत असे.

उंचीचा वाटा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० ते ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब साधारण ०.९६ किलो असतो. भावजींचे म्हणणे उघड्या पातेल्यापुरते बरोबर आहे: दादरला १०० अंशांना उकळणारे पाणी येथे ९८ अंशांना उकळते, आणि वरील नियमाने पातेल्यातील डाळीला येथे सुमारे १५ टक्के अधिक वेळ लागावा. कुकरमध्ये मात्र हा फरक आणखी आक्रसतो. शिटीचे वजन दोन्ही गावी सारखेच, म्हणजे दादरला आतील एकूण दाब २.०३ किलो होतो आणि नाशिकला १.९६. या दाबांना पाणी अनुक्रमे सुमारे १२० आणि ११९ अंशांना उकळते. एका अंशाने शिजण्याच्या वेळेत सात-आठ टक्के फरक पडतो. दहा मिनिटांच्या जागी पावणेअकरा मिनिटे लागतील, यापलीकडे काही नाही. ज्या डाळीला पूर्वी तीन शिट्ट्या पुरत होत्या ती पाच शिट्ट्यांनीही होत नाही, याचा दोष एका अंशावर टाकता येत नव्हता. भावजींना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासला आणि मान्य केला.

झाकणाच्या रिंगेची शंका त्यानंतर घ्यायला हवी होती, कारण सामानाच्या हलवाहलवीत रबर दुमडले तर कडेने वाफ सुटते आणि दाब चढतच नाही. याची खूण सोपी असते: कडेला पाण्याचे थेंब फुरफुरतात, शिटी उचलली न जाता मंद सुसकारत राहते आणि तळातील पाणी संपत येते. ताईचा कुकर मी लावण्यापूर्वी आणि उघडण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवून पाहिला. पाच शिट्ट्यांत एकूण ४५ ग्रॅम वजन कमी झाले होते. रिंग गळत असती, तर हा आकडा कितीतरी मोठा आला असता. रिंग निर्दोष होती.

शिटीच्या आवाजाने फसवले कसे?

आता मी ताईला नेहमीच्या पद्धतीने कुकर लावायला सांगितले आणि हातात घड्याळ घेऊन बाजूला उभा राहिलो. तळात दोन वाट्या पाणी, खालच्या भांड्यात २०० ग्रॅम तुरीची डाळ आणि ५०० मिलिलिटर पाणी, वरच्या भांड्यात तांदूळ, झाकण, लगेच शिटी, आणि गॅस मोठा. पहिली शिटी सहाव्या मिनिटाला झाली. पाचवी नवव्या मिनिटाला झाली आणि तिने गॅस बंद केला.

मी विचारले, "दादरला किती वेळ लागायचा?"

ती म्हणाली, "वेळ कोण बघतो? तीन शिट्ट्या. पण तिथली शेगडी जुनी होती ना, मंद जळायची. तोवर माझ्या पोळ्या होऊन जायच्या."

प्रकरणाचा उलगडा या वाक्यात होता. येथे नवीन घरासोबत नवीन शेगडी आली होती आणि तिच्या मोठ्या बर्नरवर कुकर ठेवला जात होता. दादरच्या मंद शेगडीवर पहिल्या शिटीपर्यंतच बारा-तेरा मिनिटे जात असणार आणि पुढच्या दोन शिट्ट्याही रेंगाळत येत असणार. त्या सगळ्या अवधीत डाळ गरम पाण्यात निवांत शिजत होती. येथे पाच शिट्ट्या तीन मिनिटांत उडून गेल्या. एकदा शिटी उचलली जाऊ लागली की, आतील दाब वाढत नाही आणि म्हणून तापमानही वाढत नाही. गॅस जितका मोठा, तितकी वाफ जास्त आणि शिट्ट्यांची घाई जास्त, एवढाच परिणाम होतो. शिटी म्हणजे नको असलेली वाफ बाहेर टाकल्याची आरोळी आहे. डाळ किती शिजली हे तिला ठाऊक नसते.

तरीही माझे समाधान होत नव्हते. पहिल्या शिटीपासून पाचवीपर्यंत तीन मिनिटे आणि नंतर कुकर आपोआप गार होईपर्यंत आणखी काही मिनिटे, असा वेळ धरला तर त्यात डाळ आज दिसली त्यापेक्षा बरीच पुढे जायला हवी होती. म्हणजे शिट्ट्या होत असताना डाळीचे तापमान ११९ अंश नव्हतेच, असा संशय घ्यावा लागत होता. त्याला दोन कारणे संभवत होती, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे.

पहिले कारण हवेचे. कुकर बंद करताना तो रिकामा नसतो, त्यात हवा भरलेली असते. शिटी सुरुवातीलाच बसवली तर ती हवा आत अडकते, तापते आणि स्वतःचा दाब निर्माण करते. शिटी उचलली जाते ती एकूण दाबाने, त्यात हवेचा भाग किती आणि वाफेचा किती हे शिटीला कळत नाही. पाण्याचे तापमान मात्र फक्त वाफेच्या भागावरून ठरते. हवा जराही निसटली नाही असे टोकाचे गृहीत धरून मी हिशोब केला. ३० अंशांना अडकलेली हवा ९५ अंशांपर्यंत तापली की, तिचा एकटीचा दाब सुमारे १.१ किलो होतो. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब साधारण ०.८६ किलो असतो. दोहोंची बेरीज १.९६ किलो, म्हणजे शिटी उचलायला पुरेशी. याचा अर्थ असा की, पहिली शिटी होते तेव्हा आतील पाणी ११९ अंशांना नव्हे, तर उघड्या पातेल्यातील उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला असू शकते. प्रत्यक्षात थोडी हवा छिद्रातून आणि कडेतून आधी निसटतेच, त्यामुळे वस्तुस्थिती इतकी टोकाची नसते. पण दिशा हीच असते. पुढच्या प्रत्येक शिटीबरोबर हवा आणि वाफ मिसळून बाहेर पडतात, हवेचा हिस्सा घटत जातो आणि तापमान चढत जाते.

दुसरे कारण आपल्या मराठी घरांतील कुकर लावण्याच्या रीतीशी जोडलेले आहे. आपण डाळ थेट कुकरात न घालता भांड्यात घालतो. तळातील दोन वाट्या पाणी चटकन उकळते आणि वाफ होऊन भांड्यांच्या थंड भिंतींवर जमते. ती पुन्हा पाणी होताना सोडते ती उष्णता भांड्यातून डाळीपर्यंत जाते. पाऊण किलो डाळ-पाण्याच्या गोळ्याला गाभ्यापर्यंत तापायला वेळ लागतो, विशेषतः फुगलेली डाळ तळाशी घट्ट बसल्यावर तिथले पाणी फिरणे मंदावते तेव्हा. मोठ्या आचेवर बाहेरची वाफ पुढे पळते आणि भांड्यातील डाळ मागे राहते.

बंद कुकरातील तापमान मोजण्याची युक्ती

बंद कुकरात साधा तापमापक घालता येत नाही, आणि झाकणाला छिद्र पाडण्याचा विचारही कोणी करू नये. मी प्रयोगशाळेत रोज वापरतो ते द्रवणांक येथे कामी आले. ॲसिटानिलाइड हा पदार्थ ११४ अंशांना वितळतो आणि बेन्झॉइक आम्ल १२२ अंशांना. दोन्हींची पूड काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत थोडी थोडी भरून मी नळ्यांची दोन्ही टोके ज्योतीवर वितळवून बंद केली. पूड एकदा वितळली की, गार झाल्यावर पुन्हा पूड होत नाही. ती नळीच्या तळाशी सलग, चमकदार कांडी होऊन बसते आणि भिंगातून ते स्पष्ट दिसते. म्हणजे नळी पाहून तापमान ११४ च्या खाली राहिले, ११४ ते १२२ च्या दरम्यान गेले की १२२ च्या वर, हे सांगता येते. ही द्रव्ये पोटात जाण्याची नाहीत, म्हणून प्रयोगातील डाळ आणि तांदूळ प्रत्येक वेळी टाकून दिले, नळी फुटलेली नाही याची खात्री केली आणि भांडी साबणाने दोनदा घासली. घरी कोणी याची नक्कल करू नये, हे येथे निक्षून सांगतो.

प्रत्येक फेरीत नळ्यांची एक जोडी वरच्या भांड्याच्या काठाला, वाफेत, तारेने बांधली आणि दुसरी खालच्या भांड्यातील डाळीच्या मध्यभागी रोवली.

पहिल्या फेरीत शिटी सुरुवातीलाच बसवून मोठ्या आचेवर फक्त एक शिटी होऊ दिली आणि गॅस बंद केला. चारही नळ्यांतील पूड जशीच्या तशी राहिली. शिटी वाजलेली होती, पण वाफेतसुद्धा ११४ अंश गाठले गेलेले नव्हते. अडकलेल्या हवेचा हिशोब असा डोळ्यांना दिसला.

दुसऱ्या फेरीत ताईची नेहमीची पद्धत, पाच शिट्ट्या नऊ मिनिटांत. वाफेतील ॲसिटानिलाइड वितळले. डाळीतील वितळले नाही. पाचव्या शिटीपर्यंत हवा बरीचशी बाहेर पडून वाफ तापली होती, परंतु डाळीच्या गाभ्याने गॅस बंद होईपर्यंत आणि त्यानंतरही ११४ अंश पाहिलेच नाहीत. कच्च्या कणीचा जन्म येथे होत होता.

तिसऱ्या फेरीत मी पद्धत बदलली. झाकण लावून शिटी न बसवता गॅस मध्यम ठेवला, छिद्रातून वाफेची अखंड, सरळ धार येऊ लागल्यावर ती आणखी एक मिनिट येऊ दिली आणि मग शिटी बसवली. पहिली शिटी झाल्याबरोबर गॅस अगदी बारीक केला आणि तेव्हापासून १० मिनिटे मोजली. या दहा मिनिटांत एकच शिटी झाली. वाफेतील आणि डाळीतील दोन्ही ठिकाणचे ॲसिटानिलाइड वितळले आणि बेन्झॉइक आम्ल दोन्हीकडे पूड म्हणूनच राहिले, म्हणजे सैद्धांतिक ११९ अंश ज्या पट्ट्यात येतात त्याच पट्ट्यात प्रत्यक्ष तापमान होते. दाणा बोटांत धरताच विरघळला. छिद्रातून वाफेची धार आल्यावरच शिटी बसवावी, अशी सूचना या पद्धतीच्या कुकरांसोबत येणाऱ्या पुस्तिकांत असते. घाईत ती सर्वांत आधी गाळली जाते.

बारीक गॅसवर दाब टिकतो का, अशी शंका ताईने घेतली होती आणि ती रास्त होती. बंद कुकरातून वाफ बाहेर जात नसेल, तर फक्त भिंतींतून बाहेरच्या हवेत जाणारी उष्णता भरून काढायची असते आणि तिला लहान ज्योत पुरते. दाब टिकला आहे याची खूण म्हणजे अधूनमधून होणारी शिटीची हालचाल किंवा हलकासा सुसकारा. दहा मिनिटांत शिटी अजिबात हलली नाही, तर गॅस किंचित वाढवावा.

जड पाण्याचा वाटा

सासूबाईंच्या म्हणण्याचा निकाल अजून लागायचा होता. महापालिकेचे नळाचे पाणी गंगापूर धरणातून, म्हणजे गोदावरीचे साठवलेले पाणी. इमारतीत ते ठरावीक वेळ येत होते आणि उरलेला दिवस बोअरवेलचे पाणी टाकीत चढवले जात होते. ताई संध्याकाळचा कुकर लावत असे तेव्हा स्वयंपाकघराच्या नळाला बहुतेक वेळा बोअरवेलचेच पाणी असे. बाटलीत दोन्ही पाणी घेऊन साबणाचे सारखे थेंब टाकून हलवले, तर नळाच्या पाण्याला उभा फेस आला आणि बोअरवेलच्या पाण्यात पांढुरका साका होऊन फेस बसला. जडपणा निश्चित होता.

जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधील पेक्टिनला जाऊन चिकटतात आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. त्यामुळे जो गिलावा सुटायला हवा तोच पक्का होतो. हे तपासण्यासाठी मी एकाच कुकरात दोन सारख्या लहान वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत ५० ग्रॅम डाळ, एकीत धरणाचे पाणी आणि दुसरीत बोअरवेलचे. तापमान आणि वेळ दोघींना तंतोतंत सारखा मिळाला, त्यामुळे तुलना न्याय्य झाली. पहिल्या शिटीनंतर बारीक गॅसवर ६ मिनिटे ठेवले तेव्हा फरक ठळक होता: धरणाच्या पाण्यातील दाणे दाबताच सपाट होत होते आणि बोअरवेलच्या पाण्यात कणी लागत होती. १० मिनिटांना फरक उरला, पण रवीने घोटल्यावर तो कळेनासा झाला. १४ मिनिटांना दोन्ही वाट्या सारख्या होत्या.

सासूबाई बरोबर होत्या, असे मी त्यांना सांगितले. फक्त जडपणामुळे डाळ शिजतच नाही असे नसून तिला साधारण दीडपट वेळ लागतो, एवढी दुरुस्ती केली. तीन मिनिटांच्या घाईला हा जडपणा जोडला गेला म्हणून परिणाम इतका वाईट दिसत होता. त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे चिमूटभर सोडा घालण्याचा उपाय सुचवला. सोड्याने पेक्टिन लवकर तुटते हे खरे आहे, परंतु डाळीतील थायमिन हे जीवनसत्त्व सोड्यामुळे नष्ट होते आणि चवीला साबणी छटा येते. डाळीसाठी सकाळचे नळाचे पाणी हंड्यात भरून ठेवणे सोपे असताना सोडा घालणे मला पटत नाही. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांचा परिणाम सोड्याच्या उलट होतो, आंबटपणाने पेक्टिन टिकून राहते, म्हणून ते डाळ शिजल्यावरच पडावेत.

या चाचण्यांच्या दरम्यान एका संध्याकाळी भूक लागली म्हणून भाचीने कुकर उतरवल्याबरोबर नळाखाली धरला. वाफ झटक्यात बसली, झाकण उघडले, आणि डाळीचे भांडे उतू जाऊन भात पिवळा झालेला दिसला. ताईला वाटले, गॅस जास्त झाला. कारण वेगळे होते. बंद कुकरात ११९ अंशांची डाळ उकळत नसते, ती फक्त तेवढी तापलेली असते. वरचा दाब अचानक काढून घेतला की, ९८ अंशांच्या वरची सगळी उष्णता एकाएकी पाण्याची वाफ करू लागते. पाऊण किलोच्या त्या भांड्यात साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ होते, आणि एवढ्या पाण्याची वाफ ४० लिटरच्या आसपास जागा मागते. डाळीच्या चिकट पाण्यात ती फेस होऊनच बाहेर पडते. शिटी उचलून घाईने वाफ सोडली तरी हेच होते, आणि तेव्हा हा फेस छिद्रात शिरून ते बुजण्याचा धोका असतो. डाळ थेट कुकरात शिजवायची असेल, तर निम्म्याच्या वर भरू नये हे बंधन याच फेसासाठी आहे. शिवाय आपोआप गार होण्याची ती आठ-दहा मिनिटे फुकट जात नाहीत. आतील पाणी १०० अंशांच्या वर असेपर्यंत डाळ शिजतच असते, आणि माझ्या १० मिनिटांच्या हिशोबाला या उरलेल्या उष्णतेचा आधार आहे.

शेवटी ताईच्या घरी ठरले ते असे: डाळ अर्धा तास सकाळच्या नळाच्या पाण्यात भिजवायची, वाफेची धार आल्यावर शिटी बसवायची, पहिल्या शिटीला गॅस बारीक करून १० मिनिटे मोजायची, आणि बोअरवेलचेच पाणी वापरावे लागले तर १४. पुढच्या महिनाभरात वरणाची तक्रार एकदाच आली. सासूबाईंनी माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातली, दोन पावसाळे पाहिलेली डाळ काढली होती आणि ती धरणाच्या पाण्यात, योग्य पद्धतीने, २० मिनिटे ठेवूनही दाणे टणक राहिले. उष्ण, दमट जागी फार काळ राहिलेल्या डाळीत आधीच एक बदल झालेला असतो: ताज्या डाळीतील फायटेट हा पदार्थ दाण्यातले कॅल्शियम स्वतःकडे बांधून ठेवतो, साठवणीत तो हळूहळू मोडतो आणि मोकळे झालेले कॅल्शियम पेक्टिनला पक्के करते. म्हणजे जडपणा पाण्यातून यायची गरजच राहत नाही, तो दाण्यातच तयार होतो. आणखी वेळ देऊन पाहिला, तर दाण्याची कड विरघळून पाणी दाट झाले, पण मधली कणी कायम राहिली. घरगुती कुकर ११९ अंशांपुढे जाऊ शकत नाही आणि या डाळीला तेवढे पुरत नव्हते. सासूबाईंनी ती डाळ रात्रभर भिजवली, पाट्यावर वाटली आणि दुसऱ्या दिवशी मिश्र डाळींच्या वड्यांत घातली.